5,900 मधून 18 टक्के वजा केले आणि सापडलो

लातूरला एका कर सल्लागाराकडे कामाला लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात बिलांचा गठ्ठा समोर आला. मोंढ्याजवळच्या शेती साहित्याच्या दुकानाचा. पीव्हीसी पाईपच्या एका बिलावर फक्त '5,900, जीएसटीसह' एवढंच होतं. मूळ किंमत काढायची होती. मी 5,900 चे 18 टक्के, म्हणजे 1,062 वजा केले आणि 4,838 लिहून मोकळा झालो.

सर म्हणाले, "आता यावर 18 टक्के लावून बघ बरं." लावले. 5,708.84 आले. 191 रुपये गेले कुठं?

गफलत अशी की कर 5,900 वर लागलेलाच नसतो, तो मूळ किमतीवर लागतो. मूळ 100 असेल तर बिल 118 चं होतं. म्हणून 5,900 ला 1.18 ने भागायचं. उत्तर 5,000. उरलेले 900 हा कर. बिल राज्यातल्या राज्यात असल्यामुळे 450 सीजीएसटी आणि 450 एसजीएसटी. उलट ताळा मात्र प्रत्येक वेळी करायचा. मी अजूनही करतो.

खरी डोकेदुखी पुढच्या बिलात होती. पाईप आणि तुषार सिंचनाचे नोझल मिळून 8,000. घासाघीस करून ठरलेला आकडा, एका ओळीत लिहिलेला. सगळ्याला 1.18 ने भागलं तर 6,779.66 येतात आणि ते साफ चूक आहे. कारण पाईपला 18 टक्के, पण नोझलला 5. (22 सप्टेंबर 2025 च्या आधी नोझलला 12 होते, त्यामुळे जुन्या बिलाची तारीख बघितल्याशिवाय भागाकार करू नका.) दुकानात फोन लावला, तेव्हा कळलं की पाईप 5,900 चा आणि नोझल 2,100 चे. मग 5,900 ला 1.18 ने आणि 2,100 ला 1.05 ने भागलं. 5,000 आणि 2,000, मूळ किंमत 7,000, कर 1,000. ही फोड दुकानदाराकडूनच घ्यावी लागते. नुसत्या 8,000 वरून ती कुणालाच काढता येणार नाही.

भागायच्या आधी बिलाचं डोकंही वाचा. 'बिल ऑफ सप्लाय' असेल तर त्यात वेगळा काढण्यासारखा जीएसटीच नसतो. कंपोझिशनवाला, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर स्वतःच्या खिशातून भरणारा छोटा दुकानदार, असंच बिल देतो, कारण त्याला गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही. त्याच्या बिलाला 1.18 ने भागून आम्ही एकदा नसलेला कर काढून ठेवला होता.

आणि पैशाचा घोळ. 500 चं बिल घ्या: मूळ 423.73, त्यावर 9 टक्के म्हणजे 38.14, दोनदा. बेरीज 500.01. या एका पैशापायी मी अर्धा तास घालवला. सरांनी तो 'राउंड ऑफ' खात्यात टाकला आणि चहा मागवला.