चहाचं विदरिंग, कॉफीचं रोस्टिंग: पेपरात या चुका टाळा

बेव्हरेज टेक्नॉलॉजीच्या पेपरात चहा-कॉफीचे प्रश्न सोपे समजून पटापट उरकले जातात, आणि गुण तिथेच जातात. व्याख्या सगळ्यांना पाठ असतात. गडबड होते ती आकडा कशाचा आहे आणि तो कमी झाला म्हणजे नेमकं काय झालं, हे पाहायचं राहून जातं तेव्हा.

सर्वात जास्त फसवणारा आकडा म्हणजे विदरिंगची टक्केवारी. प्रश्नात '७० टक्के विदर' असं दिसलं की कोणी ७० टक्के पाणी गेलं असं धरतं, तर कोणी पानात ७० टक्के ओलावा उरला असं. दोन्ही चूक. १०० किलो हिरवी पानं ट्रफवर टाकली आणि कोमेजून ती ७० किलो भरली, तर तो ७० टक्के विदर. म्हणजे वजन घटलं ३० टक्के. ओलावा किती उरला, तो हिशोब वेगळा करावा लागतो.

करून पाहू. ताज्या पानात ७८ टक्के ओलावा धरला तर १०० किलोत घन पदार्थ २२ किलो. विदरनंतर वजन ७० किलो, पण घन पदार्थ तेवढेच २२ किलो. पाणी उरलं ४८ किलो, म्हणजे ओलावा ४८ भागिले ७०, साधारण ६८.६ टक्के. ७० आणि ६८.६ हे आकडे इतके जवळ आहेत की चुकीच्या समजुतीनेही उत्तर बरोबरच्या आसपास येतं आणि चूक लक्षात येत नाही. ५० टक्के विदर घ्या, मग पितळ उघडं पडेल: पाणी २८ किलो, वजन ५० किलो, ओलावा ५६ टक्के.

आता हीच पानं सुकवून ३ टक्के ओलाव्याचा तयार चहा केला तर किती भरेल? २२ भागिले ०.९७, म्हणजे सुमारे २२.७ किलो. इथे काही जण ७० किलोचे ३ टक्के काढत बसतात. धरून ठेवायची गोष्ट एकच, घन पदार्थ. पानं तोडल्यावरही श्वसन करत असतात, त्यामुळे प्रत्यक्षात घन पदार्थ थोडे घटतात, पण प्रश्नात तसं सांगितलं नसेल तर ते सोडून द्यायचं.

या आकड्याची दिशाही उलटी असते. 'हार्ड विदर' म्हणजे पान जास्त सुकवलेलं, म्हणून टक्केवारी कमी. 'सॉफ्ट विदर' म्हणजे पान ओलसर, टक्केवारी जास्त. सीटीसीला तुलनेने सॉफ्ट विदर चालतो, कारण रोलरच्या दातांत पान चिरडलंच जातं. ऑर्थोडॉक्स पद्धतीत पान न तुटता वळलं जायला हवं, म्हणून ते जास्त लवचीक, म्हणजेच जास्त कोमेजलेलं लागतं. दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश तर फारच हार्ड विदर करतात. त्यामुळे वर्गवारीत तो काळा चहा असूनही पानात हिरवट छटा दिसते, कारण पाणी इतकं कमी असलं की पुढचं ऑक्सिडेशन अर्धवट राहतं. 'हिरवट आहे म्हणून ग्रीन टी' हा पर्याय त्यामुळे चूक.

दुसरी चूक म्हणजे विदरिंगला नुसतं वाळवणं समजणं. पाणी उडणं हा भौतिक विदर. पण पान तोडल्या क्षणापासून रासायनिक विदरही चालू होतो: प्रथिनं तुटून अमिनो आम्लं वाढतात, क्लोरोफिल घटतं, पेशींची पटलं सैल होतात, सुगंधाचे घटक तयार व्हायला लागतात. त्याला काही तास लागतातच, म्हणून ट्रफवर साधारण १२ ते १८ तास दिले जातात. गरम हवा सोडून चार तासांत हवा तेवढा ओलावा आणता येतो, पण रासायनिक बदल मागे राहतात. 'ओलावा बरोबर, तरी चहा बेचव, का?' असा प्रश्न आला तर उत्तर इथे आहे.

चहाच्या प्रकारांवर फार वेळ घालवायची गरज नाही. दोनच गोष्टी विचारायच्या: एन्झाइम उष्णता देऊन थांबवलं का, आणि कधी थांबवलं. ग्रीन टीमध्ये सुरुवातीलाच, जपानी पद्धतीत वाफेने आणि चिनी पद्धतीत कढईत. ऊलाँगमध्ये अर्ध्या वाटेवर. काळ्या चहात ऑक्सिडेशन पूर्ण झाल्यावर, ड्रायरमध्ये. व्हाइट टीमध्ये अशी वेगळी पायरीच नसते, फक्त लांबलेलं विदरिंग आणि वाळवणं, म्हणून त्याला 'ग्रीन टीचा कोवळा प्रकार' म्हणू नका. काळ्या चहाच्या फर्मेंटेशनमध्ये सूक्ष्मजीवांचं काम नसतं, तिथे पॉलिफिनॉल ऑक्सिडेज कॅटेचिनपासून थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन बनवतं. सूक्ष्मजीव खरोखर येतात ते पु-एरसारख्या चहात.

आता कॉफी. चहात शिकलेला घन पदार्थांचा नियम इथे लावला की उत्तर बिघडतं. १००० ग्रॅम हिरव्या बिया, ओलावा ११ टक्के, म्हणजे घन पदार्थ ८९० ग्रॅम. भाजल्यावर ओलावा २ टक्के. चहाच्या रीतीने वजन यायला हवं ८९० भागिले ०.९८, सुमारे ९०८ ग्रॅम. प्रत्यक्षात मध्यम रोस्टला ते ८४० ग्रॅमच्या आसपास भरतं. त्यात घन पदार्थ ८२३ ग्रॅम, म्हणजे मूळ घन पदार्थांतले ६७ ग्रॅम, सुमारे साडेसात टक्के, गेले. साखरा, क्लोरोजेनिक आम्लं असे घटक तुटून कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि बाष्पशील पदार्थ होऊन उडून जातात. म्हणून 'रोस्टिंगमधली घट म्हणजे उडालेलं पाणी' हे विधान चूक. रोस्ट जितका गडद, तितका या घटीत घन पदार्थांचा वाटा मोठा.

रंगाच्या आकड्यातही उलटी दिशा परत भेटते. ॲगट्रॉन मोजणी कॉफीवरून परत फिरणारा प्रकाश पकडते. गडद कॉफी कमी प्रकाश परत टाकते, म्हणून तिचा आकडा लहान. तुलनेसाठीच्या रंगचकत्या ९५ पासून २५ पर्यंत असतात: ९५ अगदी फिकट, २५ अगदी गडद. '५५ आणि ३५ यांत गडद कोणता?' या प्रश्नावर ५५ लिहिणारे कमी नाहीत.

नावांचंही असंच. सिनॅमन रोस्टमध्ये दालचिनी नसते, तो रंगावरून ठेवलेला फिकट रोस्ट. फिकटाकडून गडदाकडे क्रम असा: सिनॅमन, सिटी, फुल सिटी, व्हिएन्ना, फ्रेंच, इटालियन. क्रम विसरलात तर भाजताना दाणे फुटल्याच्या दोन तडतडी आठवा. पहिली साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास, आतल्या वाफेच्या दाबाने. दुसरी २२५ च्या पुढे, कार्बन डायऑक्साइडचा दाब आणि ठिसूळ झालेली पेशीभिंत यांमुळे. सिटी पहिलीनंतर, फुल सिटी दुसरीच्या तोंडावर, व्हिएन्ना दुसरी सुरू होताना, आणि फ्रेंच दुसरीत बराच आत, दाण्यावर तेल दिसू लागल्यावर. अंश मात्र घोकून पाठ करू नका. तापमान मोजणारा प्रोब ड्रममध्ये कुठे आहे त्यावर ते काही अंशांनी बदलतात.

शेवटचा फसवा प्रश्न कॅफिनचा. 'गडद रोस्टमध्ये कॅफिन जास्त, कारण चव कडू' हे चूक, आणि 'भाजताना कॅफिन उडून जातं' हेही बहुतांशी चूक. वरच्याच बियांत १.२ टक्के, म्हणजे १२ ग्रॅम कॅफिन धरलं आणि ते जवळजवळ सगळं टिकलं, तर ८४० ग्रॅममध्ये ते १.४ टक्के दिसेल. कॅफिन वाढलं नाही, बाकीचं वजन घटलं. पण मोजमाप चमच्याने केलं तर चित्र पालटतं: गडद दाणे फुगून हलके झालेले असतात, म्हणून एका चमच्यात कमी वजन बसतं आणि कॅफिनही कमी येतं. त्यामुळे प्रश्नात 'प्रति ग्रॅम' आहे की 'प्रति चमचा', हे वाचल्याशिवाय पर्यायावर खूण करू नका.