वायवाची सरासरी काढताना या चुका टाळा: सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी मार्क वगळायचे असतील तर

पाच परीक्षकांपैकी सगळ्यांत सढळ आणि सगळ्यांत कंजूस असे दोन आकडे काढून उरलेल्या तिघांची सरासरी घ्यायची, इतकाच नियम. कागदावर चुकायला जागा नाही. गडबड होते ती एक्सेलमध्ये, आणि ती लवकर दिसत नाही, कारण चुकीचा आकडा बहुधा टोकालाच जाऊन बसतो आणि नियम त्यालाच वगळून टाकतो. उत्तर मात्र बिघडलेलंच राहतं.

रत्नागिरीकडच्या एखाद्या कॉलेजात मत्स्यशास्त्राची वायवा ५० मार्कांची आहे असं धरू. एका विद्यार्थ्याला पाच परीक्षकांनी ४१, ३८, ३४, ४१ आणि २९ दिले. बेरीज १८३. त्यातून एक ४१ आणि २९ काढले की ११३ उरतात. भागिले तीन, म्हणजे ३७.६७. हे बरोबर उत्तर. पहिल्याच रांगेवर हे हाताने करून ठेवा, पुढे ताडून बघायला लागेल.

आता बऱ्याच ऑफिसांत फिरणारा एक फॉर्म्युला बघा:

```
=AVERAGEIFS(B2:F2,B2:F2,"<"&MAX(B2:F2),B2:F2,">"&MIN(B2:F2))
```

वाचायला अगदी नियमासारखा वाटतो. पण ४१ दोनदा आलेत, आणि हा दोन्ही ४१ उडवतो. उरतात ३८ आणि ३४, सरासरी ३६. दोन परीक्षकांचं एकमत झालं म्हणून पोराचे दीडहून जास्त मार्क गेले! पाचही जणांनी सारखेच मार्क दिले तर सेलमध्ये `#DIV/0!` येतं. निदान तिथे तरी चूक समोर दिसते.

दुसरा सापळा `TRIMMEAN`चा. त्यातला दुसरा आकडा ‘एकूण किती हिस्सा वगळायचा’ हे सांगतो, म्हणजे दोन्ही टोकं मिळून. पाचातला एक म्हणून लोक ०.२ टाकतात. पाचाचे ०.२ म्हणजे एक, आणि एक्सेल वगळायची संख्या खालच्या सम आकड्यावर आणतो, म्हणजे शून्य. काहीच वगळलं जात नाही, साधी सरासरी ३६.६ येते. ०.४ टाकायला हवं. पण ०.४ कायमचं ठोकून ठेवणंही धोक्याचं, ते कसं ते आता येतंच.

जुलैत वायवा ठेवली, परशुराम घाटात दरड आली आणि खेडकडून येणारे परीक्षक पोचलेच नाहीत, असं होऊ शकतं. चौघांनी एका मुलीला ४०, ३६, ३५, ३३ दिले. पाचव्या रकान्यात काय भरायचं? “शून्य टाकतो सर, ते गळणारच आहे ना,” असं क्लार्क म्हणतात, आणि ऐकायला पटतंही. शून्य गळतं खरं, पण मग ३३ गळायचे राहतात. उत्तर ३४.६७ येतं. खरं उत्तर ४० आणि ३३ काढून ३५.५. रकाना रिकामा सोडा किंवा ‘गैरहजर’ लिहा, शून्य नको. आणि इथेच ते ०.४ फसतं: चाराचे ०.४ म्हणजे १.६, खाली आणलं की पुन्हा शून्य, आणि साधी सरासरी ३६. म्हणून मी `TRIMMEAN`च्या नादी लागत नाही. हे वापरा:

```
=(SUM(B2:F2)-MAX(B2:F2)-MIN(B2:F2))/(COUNT(B2:F2)-2)
```

टाय असला तरी यातून एकच मोठा आणि एकच छोटा आकडा जातो. रिकामा किंवा अक्षरं असलेला सेल मोजला जात नाही.

याचीही एक नड आहे. व्हॉट्सअॅपवरून चिकटवलेला ३५ मजकूर म्हणून बसला तर तोही मोजला जात नाही, आणि फॉर्म्युला काहीच बोलत नाही. म्हणून शेजारी `=COUNT(B2:F2)` ठेवा आणि हजर परीक्षकांच्या संख्येशी जुळवा.

रेंज `A2` पासून ओढली गेली तर रोल नंबरच परीक्षक होतो. वरच्या मुलाचा रोल नंबर ७ असेल तर ७ गळतो, २९ आत राहतात आणि उत्तर ३५.५. रोल नंबर ११२ असेल तर तो गळतो, एक ४१ जास्तीचा राहतो आणि ३८.५. ३६ असेल तर तो बिनबोभाट मार्क म्हणून धरला जातो. `COUNT`ची रेंजही तशीच `A2` पासून ओढली गेली असेल तर हेही तोच पकडून देतो, कारण तिथे पाचाऐवजी सहा दिसतात; नाहीतर फॉर्म्युल्यातली रेंज डोळ्यांनी तपासा.

राउंडिंग शेवटी एकदाच, तेही तुमच्या परीक्षा विभागाच्या नियमाने.

पॅनल तिघांचंच असेल तर दोन वगळल्यावर मधला एकच आकडा उरतो, सरासरी कसली! आणि त्यातला एक जण आला नाही तर फॉर्म्युला शून्याने भागायला जातो. किमान किती परीक्षक हजर असतील तरच वगळायचं, हे पहिला विद्यार्थी आत यायच्या आधी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. मार्क समोर आल्यावर ठरवायला बसलात तर प्रत्येक जण आपल्या विद्यार्थ्याकडे बघून मत देईल.