धनत्रयोदशीच्या जाहिरातीत ‘शंभर टक्के परतखरेदी’ लिहिताना

सावध गिऱ्हाईक हे वाचून पहिलं विचारतं, शंभर टक्के कशाचे? समजा सोन्याचा भाव ग्रॅमला 10,000 रुपये आहे. 2 ग्रॅमचं नाणं 20,000, घडणावळ 4 टक्के म्हणजे 800, त्यावर 3 टक्के जीएसटी 624. बिल झालं 21,424. त्याच भावाने परत घेतलं तरी हातात 20,000 येतात. हे 1,424 रुपये आधी सांगितले नाहीत, तर नंतर काउंटरवर वाद ठरलेला. म्हणून मजकूर असा ठेवा:

‘24 कॅरेट, 999 शुद्धतेचं नाणं. बिल दाखवा, परत आणाल त्या दिवसाच्या भावाने सोन्याची पूर्ण किंमत रोख किंवा बदल्यात. घडणावळ व जीएसटी वगळून.’

‘रोख’ की फक्त ‘बदल्यात’, हे स्पष्ट हवंच. लोक इथेच फसतात. सीलबंद पाकीट फोडलं तर वजावट होणार का, तेही लिहा. नाण्यावर हॉलमार्क असेल तरच तो शब्द वापरा आणि शुद्धतेचा आकडा बिलावरही छापा.

भांडी या ओळीत घुसडू नका. चांदीच्या ताटवाटीला शुद्धता आणि वजन लिहून वेगळी हमी द्या. तांब्या-पितळेला मोडीचाच भाव मिळतो, तसं सरळ सांगा.