ऑस्ट्रेलियाचा व्हिसा नाकारला गेला, तर विद्यापीठाकडून फी परत कशी मागायची

ऑफर लेटर आलं, पहिल्या सेमिस्टरची फी भरली, प्रवेश पक्का झाल्याचं प्रमाणपत्र म्हणजे सीओई हातात पडला आणि मग इमीअकाउंट या व्हिसाच्या सरकारी पोर्टलवर व्हिसा नाकारल्याचं पत्र येऊन पडलं. अशा वेळी घरात पहिला प्रश्न उठतो तो पैशांचा. ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत त्याचं उत्तर बऱ्याच लोकांना वाटतं त्यापेक्षा चांगलं आहे. तिथे परदेशी विद्यार्थ्यांच्या फीसाठी २००० सालचा स्वतंत्र कायदा आहे, त्याला ईसॉस कायदा म्हणतात. व्हिसा नाकारला गेल्यामुळे विद्यार्थी कोर्स सुरूच करू शकला नाही, तर फी परत देणं ही विद्यापीठाची कायदेशीर जबाबदारी ठरते. त्यासाठी विनवण्या कराव्या लागत नाहीत. फक्त मागणी योग्य कलमाखाली आणि योग्य कागदांसह गेली पाहिजे.

आधी हे करू नका: व्हिसाचा अर्ज मागे घेणं

हे सगळ्यात आधी सांगतो, कारण इथे झालेली चूक पुढे दुरुस्त होत नाही. निकाल लांबला किंवा व्हिसा खात्याकडून शंका विचारणारं पत्र आलं, की काही एजंट सुचवतात, "नकार रेकॉर्डवर यायला नको, अर्ज मागे घेऊन टाका." व्हिसाच्या पुढच्या प्रवासासाठी हा सल्ला कधी बरोबर असेलही. पण फीच्या दृष्टीने 'नाकारला गेला' आणि 'मागे घेतला' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्याचं संरक्षण नकाराला आहे. अर्ज तुम्ही स्वतः मागे घेतलात, तर विद्यापीठाशी झालेल्या करारात स्वेच्छेने माघार घेण्यासाठी जी कपात लिहिली असेल ती लागू होते, आणि ती सहसा बरीच मोठी असते. म्हणून अर्ज मागे घेण्याचा विचार मनात आला, तर आधी करारातलं माघारीचं कलम काढा आणि किती रक्कम जाईल ते आकड्यात मांडून बघा. मगच ठरवा.

पहिली पायरी: तुमचं रिफंड धोरण शोधा

रिफंडचे नियम दोन ठिकाणी असतात. एक म्हणजे तुम्ही सही केलेला लेखी करार, जो बहुतेकदा ऑफर लेटरलाच जोडलेला असतो. दुसरं म्हणजे विद्यापीठाने संकेतस्थळावर प्रसिद्ध केलेलं आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचं रिफंड धोरण. ईसॉस कायद्याखालच्या नियमावलीनुसार, म्हणजे राष्ट्रीय संहिता २०१८ नुसार, कोणती रक्कम परत मिळेल, कोणती मिळणार नाही आणि ती मागायची पद्धत काय, हे करारात सोप्या भाषेत लिहिणं विद्यापीठावर बंधनकारक आहे. तेव्हा 'आमच्याकडे तसा नियम नाही' हे उत्तर मान्य करू नका.

धोरणाची पीडीएफ त्याच दिवशी उतरवून ठेवा. त्यावर आवृत्तीची किंवा अमलात आल्याची तारीख असते, ती तपासा. धोरणं बदलत राहतात, आणि सही करताना कोणतं लागू होतं यावरून वाद होऊ शकतो. आता पीडीएफमध्ये visa refusal असं शोधा. बहुतेक धोरणांत एक तक्ता असतो: एका बाजूला कारण, दुसऱ्या बाजूला परत मिळणारी रक्कम. तुमची ओळ सापडली की तिचा कलम क्रमांक लिहून घ्या. सगळं पत्र या एका ओळीवर उभं राहणार आहे.

दुसरी पायरी: किती रक्कम मिळायला हवी ते स्वतः मोजा

व्हिसा नाकारल्यामुळे कोर्स सुरूच झाला नाही, तर हिशोब सोपा आहे. विद्यापीठाला मिळालेल्या एकूण फीमधून जास्तीत जास्त ५ टक्के किंवा ५०० ऑस्ट्रेलियन डॉलर, यांतली जी रक्कम कमी असेल तेवढीच कापता येते. हे सूत्र ईसॉस कायद्याखालच्या रिफंडविषयक नियमात आहे, आणि कायद्याचं संबंधित कलम आहे ४७ई. काही विद्यापीठं धोरणात याहून उदार असतात आणि काहीच कापत नाहीत. तसं असेल तर धोरणाचाच आधार घ्या. धोरणात जास्त कपात लिहिलेली दिसली, तर कायद्याचा घ्या.

उदाहरण घेऊ. नाशिकच्या एका मुलीने मास्टर्सच्या पहिल्या सेमिस्टरसाठी २०,००० डॉलर भरले. ५ टक्के म्हणजे १,०००. पण मर्यादा ५०० ची आहे, म्हणून कपात ५०० आणि परत मिळायला हवेत १९,५००. तिच्या मित्राने दुसरीकडे फक्त ८,००० भरले होते. त्याचे ५ टक्के ४०० होतात, म्हणजे ५०० पेक्षा कमी. त्याला ७,६०० मिळायला हवेत.

तिथे आधीच शिकत असलेल्या विद्यार्थ्याची मुदतवाढ मधेच नाकारली गेली, तर गणित बदलतं. झालेल्या आठवड्यांची फी विद्यापीठाकडे राहते आणि न शिकवलेल्या आठवड्यांची परत येते. म्हणून कोर्स कधी सुरू झाला, किती आठवडे झाले आणि नकाराची तारीख कोणती, हे तिन्ही नोंदवून ठेवा.

या मोजणीत काही खर्च धरू नका. व्हिसाचं शुल्क, जे जुलै २०२५ पासून २,००० डॉलर झालं आहे, ते सरकारकडे गेलेलं असतं आणि नकार आला म्हणून परत येत नाही. आरोग्य विम्याचे म्हणजे ओएसएचसीचे पैसे परत मिळू शकतात, पण ते विमा कंपनीकडून. विद्यापीठामार्फत भरले असले तरी ते कोण परत करणार हे वेगळं विचारून घ्या. एजंटची स्वतःची फी हा तुमचा आणि एजंटचा व्यवहार आहे.

तिसरी पायरी: कागद जमवा

इमीअकाउंटमधून दोन गोष्टी उतरवा: नकाराचं सूचनापत्र आणि त्यासोबतची निर्णयाची नोंद. पहिल्यावर तारीख असते, दुसऱ्यात कारणं. बऱ्याच विद्यापीठांना दोन्ही लागतात. सोबत सीओई, सही केलेला करार, फी भरल्याच्या पावत्या आणि पासपोर्टचं पहिलं पान ठेवा. नकाराचं कारण खोटी किंवा दिशाभूल करणारी कागदपत्रं असेल, तर धोरणातली त्याविषयीची अट आधी वाचा, कारण अशा प्रकरणात विद्यापीठ सहज पैसे सोडत नाही.

बँक खात्याकडे नीट लक्ष द्या. पैसे बहुधा ज्या खात्यातून आले तिथेच किंवा करारात ज्याचं नाव आहे त्यालाच परत पाठवले जातात. फी वडिलांच्या खात्यातून गेली असेल, तर फॉर्मवर मुलीचं खातं लिहिल्याने उगाच वेळ जातो. एजंटच्या खात्यावर पैसे मागवण्याचं संमतीपत्र पुढे आलं, तर त्यावर सही करू नका.

चौथी पायरी: अर्ज आणि पत्र

बहुतेक विद्यापीठांचा ऑनलाइन रिफंड फॉर्म असतो. त्यात कारणांची यादी येते, आणि घाईत 'वैयक्तिक कारण' किंवा 'प्रवेश रद्द' निवडलं की अर्ज माघारीच्या तक्त्यात जाऊन बसतो आणि मोठी कपात होते. 'व्हिसा नाकारला' हाच पर्याय निवडा. तो नसेल तर 'इतर' निवडून खाली तसं स्पष्ट लिहा.

फॉर्मसोबत ईमेलही पाठवा, म्हणजे तारखेचा पुरावा तुमच्याकडे राहतो. पत्र इंग्रजीत जाईल, पण मजकूर इतकाच हवा: "माझा विद्यार्थी क्रमांक अमुक. माझा सबक्लास ५०० विद्यार्थी व्हिसा या तारखेला नाकारला गेला, पत्र सोबत आहे. त्यामुळे मी कोर्स सुरू करू शकत नाही. तुमच्या रिफंड धोरणातील या कलमानुसार आणि ईसॉस कायद्याच्या कलम ४७ई नुसार मला १९,५०० डॉलर परत मिळावेत. कायद्यातील ४ आठवड्यांच्या मुदतीत पैसे जमा करावेत आणि कपात केल्यास तिचा हिशोब कळवावा." घरची परिस्थिती, कर्ज, मनस्ताप हे लिहावंसं वाटतं, आणि ते खरंही असतं. पण रिफंड बघणारा माणूस तक्त्यातली ओळ शोधत असतो. ती त्याला पहिल्या दोन वाक्यांत मिळू द्या.

एक गोष्ट आधी ठरवा: त्याच विद्यापीठात पुढच्या सत्रासाठी पुन्हा व्हिसा अर्ज करायचा आहे का? असेल तर रिफंड मागण्याऐवजी प्रवेश पुढे ढकलण्याची विनंती करता येते. रिफंड घेतला की सीओई रद्द होतो, आणि नव्या अर्जाला नवा सीओई लागेल. पण फोनवर 'बघू, पुढच्या सत्रात येईन' असं मोघम बोलू नका. त्यानंतरचा रिफंडचा अर्ज 'मन बदललं' या खात्यात टाकला जाऊ शकतो.

पाचवी पायरी: कमी पैसे आले किंवा उत्तरच आलं नाही तर

नाशिकच्या त्या मुलीला समजा उत्तर आलं की १० टक्के म्हणजे २,००० कापून १८,००० देतो. तिने भांडत बसायची गरज नाही, एकच प्रश्न विचारायचा: ही कपात धोरणाच्या कोणत्या कलमाखाली केली? उत्तरात माघारीचं कलम आलं, तर चूक कुठे झाली ते कळलं. नकाराचं पत्र पुन्हा जोडून फेरतपासणी मागायची. अनेकदा इथेच काम होतं, कारण अर्ज नुसताच चुकीच्या तक्त्यात गेलेला असतो.

तरी जमलं नाही, तर विद्यापीठाच्या अधिकृत तक्रार यंत्रणेकडे लेखी तक्रार करा. राष्ट्रीय संहितेनुसार तक्रार आल्यावर १० कामकाजी दिवसांत तिची तपासणी सुरू व्हायला हवी. त्याच्या निकालाने समाधान झालं नाही, तर बाहेरचा दरवाजा आहे राष्ट्रीय विद्यार्थी लोकपाल, नॅशनल स्टुडंट ओम्बड्समन. हे कार्यालय १ फेब्रुवारी २०२५ पासून विद्यापीठांविरुद्धच्या तक्रारी घेतं, फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि भारतातून nso.gov.au वर तक्रार करता येते. आतली तक्रार आधी केल्याचा पुरावा सोबत ठेवा, कारण तो विचारला जाईल. विद्यापीठ रिफंड मान्य असूनही देतच नसेल किंवा बंद पडलं असेल, तर ट्यूशन प्रोटेक्शन सर्व्हिस ही सरकारी यंत्रणा आहे.

पैसे परत आल्यावर

डॉलरचा भाव बदललेला असतो आणि मधल्या बँका शुल्क घेतात, म्हणून रुपयांतली रक्कम पाठवल्यापेक्षा वेगळी निघेल. विद्यापीठाने किती डॉलर पाठवले याचं पत्र मागून घ्या आणि त्यावरूनच तपासा. शैक्षणिक कर्जातून फी गेली असेल, तर बँकेला आधी कळवा. ही रक्कम कर्जखात्यात जमा व्हावी असा बँकेचा आग्रह असतो. पैसे पाठवताना बँकेने टीसीएस म्हणजे परदेशी पाठवलेल्या रकमेवरचा आगाऊ कर घेतला असेल, तर तो विद्यापीठाकडे मागायचा नाही. तो तुमच्या फॉर्म २६एएस मध्ये दिसतो, आणि ज्यांच्या पॅनवर गेला त्यांनी त्या वर्षीच्या आयकर विवरणपत्रात त्याचा दावा करायचा.