तीन रजिस्टर आणि चार ओळी: ग्राफ कलरिंग करताना या चुका टाळा

कंपायलरच्या प्रोजेक्टमध्ये रजिस्टर ॲलोकेशनचा भाग आला की बहुतेकांची नजर थेट रंगवण्याकडे जाते. ग्राफ काढला, रंग दिले, झालं काम. रंग देण्याचा कोड खरोखरच शंभरेक ओळींत होतो आणि तो सहसा चुकतही नाही. चुकतं ते त्याच्या आधीचं आणि नंतरचं. म्हणून सगळी चर्चा एकाच इवल्याशा तुकड्यावर करू:

```
x = (a + b) * (a - c) + b;
return x;
```

याचा थ्री-अ‍ॅड्रेस कोड, आणि प्रत्येक ओळीनंतर लाइव्ह असलेली नावं, म्हणजे ज्यांची किंमत पुढे कुठेतरी वापरली जाणार आहे ती:

```
              // a b c
t1 = a + b    // t1 a b c
t2 = a - c    // t1 t2 b
t3 = t1 * t2  // t3 b
x  = t3 + b   // x
```

ही यादी खालून वर भरायची असते. ओळीत जे नाव नव्याने लिहिलं जातं ते काढायचं आणि जी वाचली जातात ती घालायची, याच क्रमाने. लूप असेल तर एका फेरीत भागत नाही, यादी बदलायची थांबेपर्यंत फिरावं लागतं. हे न करता "पहिला वापर ते शेवटचा वापर" असं ओळ क्रमांकांवरून ठरवणाऱ्यांचा कोड लूपच्या दुसऱ्या चकरेला मोडतो. त्यावर अधिक बोलण्यासारखं काही नाही.

पॅरामीटरना रेघाच नसतात

पुस्तकी नियम असा: ज्या ओळीत `t1` लिहिला जातो, तिथे `t1` पासून त्या ओळीनंतर लाइव्ह असलेल्या प्रत्येक नावाकडे रेघ ओढा, म्हणजे त्या दोघांना एकच रजिस्टर मिळणार नाही. नियम बरोबर आहे. पण तो जसाच्या तसा उतरवला की `a`, `b`, `c` यांच्यात एकमेकांशी एकही रेघ येत नाही, कारण ती तिन्ही नावं या तुकड्यात कुठेच लिहिली जात नाहीत. ती बाहेरून येतात.

मग काय होतं ते बघा. ग्राफमध्ये उरतात `t1`–`a`, `t1`–`b`, `t1`–`c`, `t1`–`t2`, `t2`–`b` आणि `t3`–`b` एवढ्याच रेघा. तीन रजिस्टरांत हा ग्राफ आरामात रंगतो: `a`, `b`, `c` तिघेही `r0`, `t1` ला `r1`, `t2` ला `r2`. स्पिल, म्हणजे रजिस्टर न उरल्याने मेमरीत पाठवलेली नावं, शून्य. करणारा खूश होतो, कारण त्याच्या मते आपला ॲलोकेटर फार हुशार निघाला. `a=5, b=3, c=2` दिल्यावर उत्तर २७ यायला हवं, येतं २. तिन्ही पॅरामीटर एकामागून एक `r0` मध्येच भरले गेले आणि शेवटचा `c` तेवढा टिकला. त्यामुळे हिशेब `(c+c)*(c-c)+c` असा झाला, म्हणजे काहीही द्या, उत्तर `c` च. अशा वेळी लोक कोड जनरेशनमध्ये चूक शोधत बसतात.

उपाय साधा आहे. फंक्शनच्या तोंडाशी `a`, `b`, `c` लिहिले जात आहेत असं दाखवणाऱ्या तीन खोट्या ओळी घाला. ग्राफ बनवणाऱ्या कोडमध्ये पॅरामीटरसाठी वेगळी `if` घालण्यापेक्षा हेच बरं. खास `if` पुढच्या बदलात कोणीतरी उडवतंच.

याच्या उलट चूकही होते. काहीजण लिहिण्याचा नियम सोडून "एकाच यादीत दिसणाऱ्या सगळ्यांमध्ये रेघ" असं करतात. त्यात पॅरामीटर सापडतात, पण ज्या किमतीचा पुढे वापरच नाही ती निसटते. `idiv` सारखी सूचना भागाकारासोबत बाकीही देते. बाकी कोणाला नको असेल तर ती कुठल्याच यादीत नसते, म्हणून तिला रेघ नाही, म्हणून तिला कोणतंही रजिस्टर चालतं असं ॲलोकेटरला वाटतं. हार्डवेअर मात्र ती लिहितंच, आणि तिथे राहत असलेली चांगली किंमत पुसली जाते. न वापरलेली किंमतही लिहिताना जागा घेते. नियम लिहिण्याचाच ठेवा.

स्पिल कोणाला करायचं, हे फक्त खर्चाने ठरवणं

ही चूक सगळ्यांत जास्त वेळ खाते. आता रेघा पूर्ण आहेत आणि रजिस्टर तीन आहेत, असं धरू. मशीन असं की बेरीज-वजाबाकी फक्त रजिस्टरांत होते आणि मेमरीशी व्यवहार फक्त `load` आणि `store` करतात.

तीनपेक्षा कमी रेघा असलेले नोड आधी काढून स्टॅकवर ठेवायचे. `x` ला एकही रेघ नाही, `t3` ला एक, `t2` ला दोन. तिघे गेले. उरले `t1`, `a`, `b`, `c`, आणि या चौघांत प्रत्येकाची प्रत्येकाशी रेघ आहे. चार नोड, प्रत्येकाला तीन रेघा, तीन रंग. कोणीतरी मेमरीत जाणार हे नक्की.

नेहमीचं सूत्र म्हणजे खर्च भागिले रेघांची संख्या, आणि ज्याचं उत्तर सर्वांत कमी तो बळी. खर्च म्हणजे त्या नावामुळे वाढणारे `load` आणि `store`. लूपमधल्या प्रत्येक पातळीला ते दहापट धरायची पद्धत आहे. इथे रेघा सगळ्यांना तीनच, म्हणून निकाल खर्चावरच. `a` दोनदा वाचला जातो आणि आत आल्यावर एकदा ठेवावा लागतो, म्हणून ३. `b` चंही तसंच, ३. `c` एकदाच वाचला जातो, म्हणून २. `t1` एकदा लिहिला आणि एकदा वाचला, २. सूत्र म्हणतं `c` किंवा `t1`. समजा `c` घेतला:

```
store c, [s0]
t1 = a + b
c1 = load [s0]
t2 = a - c1
t3 = t1 * t2
x  = t3 + b
```

`c1` लोड झाल्याक्षणी लाइव्ह कोण? `c1`, `t1`, `a`, `b`. पुन्हा चार, पुन्हा तोच चौघांचा गठ्ठा. एक `store` आणि एक `load` वाढले, गर्दी तेवढीच. कारण उघड आहे: गर्दी ज्या जागी आहे तिथून पुढची ओळ `c` मागते. त्याला बाहेर पाठवलं तरी लगेच परत बोलवावं लागतं.

इथून पुढे गोष्ट बिघडते. दुसऱ्या फेरीत खर्च पुन्हा मोजला जातो. `c1` एकदा लिहिला, एकदा वाचला, खर्च २. `t1` चाही २. बरोबरी झाल्यावर ज्याचा कोड शेवटचा नोड उचलतो, तो `c1` ला स्पिल करतो. मग `c2` जन्मतो, त्याचाही खर्च २, मग `c3`. ॲलोकेटर कधी थांबतच नाही. बाहेरून दिसतं एवढंच की कंपायलर अडकला. प्रत्येक फेरीला स्टॅक फ्रेमचा आकार छापा. फेरीमागे एक जागा वाढत असेल आणि नवीन नाव आधीच्या स्पिलमधूनच आलं असेल, तर हाच रोग.

पहिलं औषध सक्तीचं: स्पिलमधून जन्मलेल्या नावांचा खर्च अनंत धरा, ती पुन्हा कधीही निवडू नका. "दहा फेऱ्या झाल्या की थांब" असली मोजणी लावून वेळ मारून नेणारे खूप दिसतात. त्याने लूप थांबतो, रंग मिळत नाही. अनंत खर्च धरल्यावर दुसऱ्या फेरीत `t1` निवडला जातो, आणि `c` व `t1` दोघे बाहेर गेल्यावर तीन रजिस्टर पुरतात. कोड बरोबर चालतो, पण मेमरीला चार फेऱ्या मारून.

आता `b` कडे बघा, ज्याला सूत्राने महाग ठरवलं होतं:

```
store b, [s0]
t1 = a + b
t2 = a - c
t3 = t1 * t2
b2 = load [s0]
x  = t3 + b2
```

पहिल्या ओळीला `b` अजून रजिस्टरात आहेच, म्हणून तिथे `load` नको. `t1` लिहिल्यावर लाइव्ह उरतात `t1`, `a`, `c`, फक्त तीन. एक `store`, एक `load`, विषय संपला. प्रत्येक वापराआधी डोळे मिटून `load` घातला तरी एकूण तीनच होतात. चौघांपैकी एकट्याने गर्दी सुटते असा `b` हा एकच आहे, कारण त्याचा पुढचा वापर दूर आहे. एकट्या `a` ला काढलं तरी पुढच्याच ओळीला तो परत हवा, आणि `t1` तर गर्दीच्या जागीच जन्मतो. म्हणून खर्च बघण्याआधी एक प्रश्न विचारावा: हे नाव बाहेर गेल्यावर सर्वांत गर्दीच्या जागी खरंच एक रजिस्टर मोकळं होतं का? नसेल तर ते यादीतून आधीच बाद. (वजाबाकीत मेमरीतली किंमत थेट चालणाऱ्या एक्स८६ वर `c` ची निवड ठीक ठरली असती. सूत्राला मशीन माहीत नसतं, तुम्हाला असायला हवं.)

गर्दी मुळात कोणी केली?

पण या तुकड्यात स्पिलची गरजच नाही. पहिल्या दोन ओळींची अदलाबदल करा:

```
              // a b c
t2 = a - c    // t2 a b
t1 = a + b    // t2 t1 b
t3 = t1 * t2  // t3 b
x  = t3 + b   // x
```

कुठेही तीनपेक्षा जास्त लाइव्ह नाहीत. `a`, `b`, `c` ला `r0`, `r1`, `r2`. मग `t2` ला `r2`, आणि `t1`, `t3`, `x` तिघांना `r0`. एकही `load` नाही. `c` ची अखेर आधी झाली, एवढाच फरक. दोन्ही बाजू साध्या वजाबाकी-बेरजेच्या आहेत म्हणून हे चालतं. फंक्शन कॉल असता तर क्रम असा हलवता आला नसता. ॲलोकेटरला दोष देण्याआधी थ्री-अ‍ॅड्रेस कोड एकदा वाचावा, ही सवय फार कमी जणांना असते.

याच पायरीवरची दुसरी खोड म्हणजे तात्पुरती नावं वाचवणं. `t1` रिकामा झाला म्हणून पुढच्या असंबद्ध हिशेबालाही `t1` च. एका नावाला एकच रंग मिळतो, त्यामुळे दोन वेगळी आयुष्यं एकाच रजिस्टरला बांधली जातात आणि दोघांच्या रेघांची बेरीज होते. नावं फुकट असतात, रजिस्टर नसतात.

जास्त रेघा दिसल्या की लगेच स्पिल

चैतिन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये आयबीएममध्ये मांडलेल्या मूळ पद्धतीत, कमी रेघांचा नोड उरला नाही की त्याच जागी स्पिल ठरत असे. चार नोड चौकोनात जोडलेले आणि रंग दोन असतील तर प्रत्येकाला दोन रेघा असतात, म्हणून ती पद्धत हार मानते. पण समोरासमोरच्या कोपऱ्यांना एकच रंग देऊन दोनात भागतं. १९८९ मध्ये ब्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी सुचवलेला बदल असा: संशयित नोडही स्टॅकवर ठेवा आणि रंग देताना खरंच रंग उरला नाही तरच स्पिल करा. कोडमध्ये हा फरक दोन-तीन ओळींचा आहे, तरी जुनी आवृत्ती अजून उतरवली जाते. आपल्या चौघांच्या गठ्ठ्याला मात्र याने काही मदत होत नाही. तिथे चौथा रंग नाहीच.

कॉल आणि ठरलेली रजिस्टर

`idiv` ला भाज्य `edx:eax` मध्येच लागतो आणि उत्तरही `eax`, `edx` मध्येच मिळतं. फंक्शन कॉल काही रजिस्टर पुसतो. अशा रजिस्टरांचे आधीच रंगवलेले नोड ग्राफमध्ये घाला आणि कॉलच्या पलीकडे लाइव्ह असलेल्या नावांकडून त्यांच्याकडे रेघा ओढा. नंतर `push` आणि `pop` चिकटवून निभावणाऱ्यांचा कोड एका कॉलला चालतो. आर्ग्युमेंटमध्ये दुसरा कॉल आला, `f(g(x), y)` सारखा, की तपासून बघा.