सेल काउंट वाढला? आधी कॅन सोडा, सड तपासा

फॅट, एसएनएफ, धारेआधी कास धुणं हे तुम्हाला येतं असं धरून लिहितोय. कोकणात नव्याने गोठा टाकणारी मुलं सोमॅटिक सेल काउंटबद्दल पहिलं विचारतात ते एवढंच, "किती आला म्हणजे वाईट?" एका गाईच्या चारही सडांच्या एकत्र दुधात मिलिलिटरला २ लाखांच्या आत असेल तर सहसा काळजी नाही. वर गेला तर बहुधा एखाद्या सडात जंतूंनी घर केलंय. या पेशी मुख्यतः गाईच्या पांढऱ्या पेशी असतात, जंतूंशी लढायला कासेत उतरलेल्या. दूध दिसायला चांगलं, कास मऊ, ताप नाही, तरी आत दगडी सुरू असू शकते. आपल्याकडे दुधाचा भाव फॅट-एसएनएफवर ठरतो, त्यामुळे हा आकडा मुद्दाम बघावा लागतो.

आता सापळा. मी यात चांगलाच अडकलो होतो, म्हणून जरा लांबण लावतो. कॅनमधला आकडा ही सरासरी असते, आणि तीही लिटरांच्या वजनाने.

समजा पाच गाई आहेत. चार गाई १०, ९, ८ आणि ८ लिटर देतात. त्यांचे काउंट अनुक्रमे ८० हजार, १ लाख २० हजार, १ लाख आणि दीड लाख. पाचवी ५ लिटर देते, तिचा १८ लाख. प्रत्येकीचे लिटर गुणिले काउंट करून बेरीज घ्या आणि ४० लिटरने भागा. उत्तर येतं सुमारे ३ लाख २२ हजार. कॅनमध्ये पाचवीचं दूध फक्त आठवा भाग, पण पेशींतला जवळजवळ ७० टक्के वाटा तिचा. तिचं दूध बाजूला काढलं की आकडा थेट १ लाख ११ हजारांवर येतो.

इथेच फसतात. वाईट गाईचं दूध घरात ठेवलं किंवा वासराला पाजलं, कॅनचा आकडा उतरला, मालक खूश. गाय मात्र तशीच आजारी. धार काढणारा तेच हात आणि तेच फडकं घेऊन पुढच्या गाईकडे जातो, आणि काही दिवसांनी दुसरीचा काउंट चढतो. (अशा दुधाने वासराचं भलं होत नाही, हेही ऐकून ठेवा.) म्हणून कॅनचा आकडा वाढला की गाय शोधायची, आणि गाय सापडली की सड.

त्यासाठी सीएमटीचं, म्हणजे गोठ्यातच दगडी ओळखायच्या चाचणीचं, चार कप्प्यांचं पॅडल आणि द्रावण आणा. पहिल्या दोन-तीन धारा टाकून द्या, प्रत्येक सडाचं थोडं दूध आपापल्या कप्प्यात घ्या, तेवढंच ते द्रावण घाला आणि दहा सेकंद गोल फिरवा. चांगलं दूध पाण्यासारखं फिरतं. बिघडलेलं घट्ट होतं. जास्त बिघडलं असेल तर मधोमध गोळा होऊन पॅडलला चिकटतं. लगेच वाचा, थांबलात तर चिकटपणा विरतो. कपडे धुण्याच्या पावडरीचं पाणी वापरणारे भेटतील. गरजेला चालतं, पण पहिल्यांदा शिकताना नको. कमीजास्त चिकटपणातला फरक डोळ्यांत बसत नाही.

नुकत्या व्यायलेल्या गाईवर हा निकाल लावू नका. चिकाच्या दिवसांत काउंट चढाच असतो, आठवडाभर थांबा. आटत आलेल्या गाईत दूध कमी झाल्यानेही थोडा वाढतो. पण "वय झालंय हो तिचं" हे कारण मी ऐकून घेत नाही. जंतू नसलेल्या म्हाताऱ्या गाईचा काउंट फारसा चढत नाही.

सलग दोन महिन्यांचे आकडे शेजारी ठेवा. गेल्या महिन्यात कमी असलेल्या दोन-तीन गाई या महिन्यात चढल्या, तर लागण नवीन आहे, गोठ्याकडे बघा. पावसाळ्यात जांभ्याची ओली जमीन, भिजलेला पातेरा आणि धार झाल्या झाल्या खाली बसणारी गाय, एवढं पुरेसं असतं. धारेनंतर सडाचं तोंड पूर्ण मिटायला अर्धा तास तरी लागतो. सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि लगेच पुढ्यात वैरण टाका, म्हणजे ती उभी राहील.

एकच गाय दर महिन्याला चढी राहत असेल तर ती कथा वेगळी. तिची धार शेवटी काढा आणि औषधाआधी त्या सडाचं दूध जंतुतपासणीला द्या. सडाचं टोक स्पिरिटने पुसा, निर्जंतुक बाटली तिरकी धरा, नमुना बर्फात पाठवा. एक अहवाल कोरा आला म्हणून सुटलो असं समजू नका. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू दुधात रोज उतरत नाही, तेव्हा पुन्हा नमुना द्या. तोच निघाला तर दूध चालू असताना ट्यूबा भरून तो जाईलच असं नाही. आटवतानाचा उपचार करायचा की गाय काढायची, हे पशुवैद्यांशी बसून ठरवा. दुकानदाराला विचारून ट्यूब भरू नका. आणि ट्यूब भरलीच असेल तर वेष्टनावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत तिच्या चारही सडांचं दूध कॅनमध्ये जाता कामा नये, एकट्या त्या सडाचं नव्हे.