पी-व्हॅल्यू वाचताना या चुका टाळा

थिसिस जमा करायच्या आदल्या आठवड्यात आकडेवारीची फाइल घेऊन येणाऱ्यांची मला आता सवय झाली आहे. गेल्या वर्षी असाच एक एमडीचा विद्यार्थी आला. दोन मलमांची तुलना, प्रत्येक गटात ३० रुग्ण, पी-व्हॅल्यू ०.०४. निष्कर्षात लिहिलं होतं: 'मलमांत फरक नसण्याची शक्यता फक्त ४ टक्के.'

मी खिशातून रुपयाचं नाणं काढलं. "समज, हे १० वेळा उडवलं आणि ९ वेळा छापा पडला. चांगल्या नाण्याचा इतका किंवा याहून एकतर्फी निकाल, मग तो छाप्याच्या बाजूने असो की काट्याच्या, १०२४ पैकी २२ वाटांनी येतो. म्हणजे पी-व्हॅल्यू ०.०२. मग हे नाणं ९८ टक्के खोटं?" तो म्हणाला, "छे सर, तुमच्या खिशातलं साधं नाणं ते!"

बरोबर. पण 'साधं नाणं' ही माहिती पी-व्हॅल्यूत कुठेच नव्हती, ती त्याने स्वतः आणली. पी-व्हॅल्यू काढताना आपण शून्य परिकल्पना, म्हणजे 'फरक काहीच नाही, नाणं साधंच आहे' हे गृहीतक, खरं धरूनच चालतो आणि विचारतो, असा किंवा याहून टोकाचा निकाल कितीदा येईल? जे खरं धरून हिशेब मांडला, ते खरं असण्याची शक्यता त्याच हिशेबातून कशी निघेल?

"मग खरी शक्यता किती?" हा त्याचा पुढचा प्रश्न. त्यासाठी आधीचा अंदाज लागतो. समजा, १००० औषधं तपासली आणि त्यांतली १००च खरोखर गुणकारी आहेत. चाचणी ८० टक्के वेळा गुण पकडते, म्हणून ८० सापडतील. उरलेल्या ९०० निरुपयोगी औषधांपैकी ५ टक्के, म्हणजे ४५, निव्वळ योगायोगाने पी-व्हॅल्यूच्या ०.०५ या नेहमीच्या मर्यादेखाली येतील. 'सिग्निफिकंट' ठरली १२५, त्यांत फुसकी ४५. म्हणजे ५ नव्हे, ३६ टक्के. गुणकारी औषधं १०००पैकी ५०० असती, तर हाच आकडा ६ टक्क्यांच्या आत आला असता.

बाकीच्या चुका नेहमीच्याच. पी-व्हॅल्यू ०.०५च्या वर गेली म्हणजे 'फरक नाही' असं होत नाही. कदाचित रुग्णच कमी होते. सॉफ्टवेअरने `.000` दाखवलं तर ते शून्य नसतं, ०.००१ पेक्षा कमी असं लिहा. आणि पी-व्हॅल्यू लहान म्हणून फरक मोठा, हेही नाही.

माझी सवय सांगतो. टेस्टचं बटण दाबण्याआधी मी वहीत वाक्य लिहून ठेवतो, 'फरक काहीच नसता, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात __ वेळा दिसला असता', आणि नंतर फक्त गाळलेली जागा भरतो. घाईतल्या मंडळींना हा वेळेचा अपव्यय वाटतो. मग तेच रात्री अकराला फोन करतात.

त्या विद्यार्थ्याने हे वाक्य निष्कर्षात घातलं. गाइडने 'फार लांबलं' म्हणून खोडलं.